निधनाची जाहिरात तपासून हवी आहे (तिथी, नाती, शुद्धलेखन)

कोरेगावचा · गुरुवार, १० जुलै २०२५, दुपारी १२.१०

माझी आजी (आईची आई) तीन दिवसांपूर्वी गेली. दशक्रियेच्या आधी रविवारच्या अंकात जाहिरात द्यायची आहे आणि एजन्सीवाला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मजकूर मागतोय. मसुदा मामेभावाने केला आहे. घरात सगळे दमलेत, मामा म्हणाले, "तू बघ एकदा." मला काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. नावांच्या जागी रेघा टाकल्या आहेत.

> दुखद निधन
> कळविण्यास अत्यंत दुःख होते कि, आमच्या मातोश्री गं. भा. कै. —— यांचे सोमवार, दि. ६ जुलै २०२५, आषाढ शुद्ध एकादशी रोजी रात्री २.४० वा. वयाच्या ८६ व्या वर्षी अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, एक मुलगी, जावई, पुतणे, नातवंडे, परतवंडे असा परीवार आहे.
> दशक्रिया विधी बुधवार, दि. १६ जुलै रोजी सकाळी ८ वा. संगम माहुली येथे होईल. तरी सर्व नातेवाईकांनी व आप्तेष्ठांनी सहकुटुंब उपस्थित रहावे, ही नम्र विनंती.
> शोकाकूल : समस्त —— परिवार
> भावपूर्ण श्रद्धांजली

कंदीपेढा · १२.२५

आजींना श्रद्धांजली. पहिली चूक डोळ्यातच भरते. ६ जुलैला रविवार होता, सोमवार नव्हे. आषाढी एकादशी रविवारी होती ना! वार बदला, झालं.

आणि ८६ व्या वर्षी लिहिलंय ते ८५ करा. नाहीतर लोकांना वाटेल ८६ पूर्ण झाली होती.

आत्याबाई · १२.४१

ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो. "सहकुटुंब" काढा हो आधी. ते लग्नाच्या पत्रिकेतलं आहे. दहाव्याला कोणी सहकुटुंब बोलावत नाही. बोलावणंच नसतं खरं तर, कळवणं असतं.

मुद्रितशोधक · १.१५

मी वृत्तपत्रात बरीच वर्षं मुद्रितशोधन केलं, त्यातली काही वर्षं याच पानावर गेली. घाईत बघू नका, मसुद्यात शुद्धलेखनापेक्षा मोठ्या गोष्टी आहेत.

कंदीपेढा, तुम्ही वार बदलायला सांगताय, पण चुकलेला वार आहे की तारीख? आधी ते ठरू द्या. कोरेगावचा, आजी नेमक्या कोणत्या रात्री गेल्या? रविवार उजाडायच्या आधी की सोमवार उजाडायच्या आधी?

वय मात्र आहे तसं असू शकतं. जन्मतारीख काय?

कोरेगावचा · १.३२

एकादशीच्या दिवशी संध्याकाळी ती बोलत होती, टीव्हीवर पंढरपूर बघत होती. त्यानंतरच्या रात्री, म्हणजे रविवार संपून सोमवार उजाडायच्या आधी, दोन चाळीसला गेली. डॉक्टरांच्या दाखल्यावर ७ जुलै आहे.

जन्म ऑगस्ट १९३९ चा.

मुद्रितशोधक · १.५८

मग वार बरोबर आहे आणि तारीख चूक आहे. सोमवार, दि. ७ जुलै. जाहिरातीतली तारीख दाखल्याशी जुळलीच पाहिजे. एजन्सी बहुतेक वेळा दाखल्याची प्रत मागते आणि तिथे फरक दिसला की मजकूर अडतो. पुढे वारसाच्या कामात कोणी हे कात्रण जोडलं तर तिथेही तोच प्रश्न येतो.

वय : ऑगस्ट १९३९ चा जन्म म्हणजे जुलै २०२५ मध्ये ८५ पूर्ण आणि ८६ वं चालू. "वयाच्या ८६व्या वर्षी" याचा अर्थच चालू असलेलं वर्ष. ते बरोबर आहे. "८५ वर्षांच्या होत्या" असं लिहायचं असतं तर ८५ लिहिलं असतं. कंदीपेढा म्हणतात तसं "८५व्या वर्षी" केलं तर एक वर्ष कमी होईल.

आता एकादशी. इथे मला मसुदा करणाऱ्याची भावना कळते, पण तिथी चुकली आहे. एकादशी रविवारी रात्री सव्वानऊच्या सुमाराला संपली. दोन चाळीसला द्वादशी लागून पाच तास उलटले होते. पुढे श्राद्धासाठी मृत्यूच्या वेळची तिथी धरतात, म्हणून "आषाढ शुद्ध द्वादशी, शके १९४७".

कंदीपेढा · २.१०

हे पटत नाही. आपला दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. सोमवारचा सूर्य उगवायच्या आत गेल्या म्हणजे रविवारच, आणि रविवार म्हणजे एकादशी. कॅलेंडरमध्येही रविवारच्या चौकटीत एकादशीच छापली आहे. आणि त्या हिशेबाने दहावा १५ ला येतो, १६ ला नाही!

मुद्रितशोधक · २.३६

तुमचं अर्धं बरोबर आहे. वार सूर्योदयाला बदलतो. तिथी तशी बदलत नाही, ती चंद्राच्या चालीने कधीही संपते, दुपारी संपेल नाहीतर मध्यरात्री. कॅलेंडरच्या चौकटीत सूर्योदयाला असलेली तिथी छापलेली असते. तीच तिथी पुढच्या पहाटेपर्यंत टिकते असं नाही. पंचांगात तिथीपुढे ती कधी संपते ती वेळ दिलेली असते, ती बघायची.

दहाव्याचं मात्र तुम्ही म्हणता ते उडवून लावता येणार नाही. गेल्याचा दिवस पहिला धरतात. सोमवार पहिला धरला तर दहावा बुधवारी १६ ला. रविवार धरला तर मंगळवारी १५ ला. रात्री गेलेल्या माणसाचा दिवस कोणता धरायचा याच्या एकाहून जास्त पद्धती आहेत. काही गुरुजी सूर्योदयापर्यंत आधीचाच दिवस धरतात. काही रात्रीचे तीन भाग करतात. पहिल्या दोन भागांत गेलं तर आधीचा दिवस, शेवटच्या भागात गेलं तर पुढचा.

साताऱ्याकडे आत्ता सूर्य मावळतो सव्वासातच्या सुमारास आणि उगवतो सहा-सहा पाचला. रात्र साधारण दहा तास पन्नास मिनिटांची, तिचा एक भाग तीन तास छत्तीस-सदतीस मिनिटांचा. दोन भाग संपतात रात्री अडीचच्या जरा आधी. आजी गेल्या दोन चाळीसला, म्हणजे तिसरा भाग लागून दहाबारा मिनिटंच झाली होती. या पद्धतीने सोमवार येतो, तुमच्या पद्धतीने रविवार. घरचे गुरुजी काय म्हणतात ते विचारा आणि तेच छापा. जाहिरातीत आपण पंडित व्हायचं नाही.

कोरेगावचा · ३.०५

गुरुजींना आत्ताच फोन केला. १६ च म्हणाले, आणि तुम्ही सांगितलंत तेच तीन भागांचं कारण दिलं. तिथीही द्वादशी. मामा जरा हिरमुसले, त्यांना एकादशी हवी होती. आजी माळकरी होती.

आणि ६ तारीख कुठून आली तेही कळलं. मामेभाऊ न्यूजर्सीत आहे. इथे दोन चाळीस वाजले तेव्हा तिथे रविवारची संध्याकाळ, पाच दहा. त्याच्या फोनवर निरोप ६ जुलैला आला. त्याने तारीख तिथून घेतली आणि वार आम्ही सांगितलेला लिहिला!

दूरदेशी · ३.२२

आमच्याकडेही असंच झालं होतं, बाबांच्या वेळी. बरं, एक विचारू का? मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत किती दिवसांत नोंद करावी लागते? हा धागा त्याबद्दलच आहे असं वाटून उघडला.

आत्याबाई · ३.३०

२१ दिवसांत. पण हा धागा पेपरातल्या जाहिरातीचा आहे हो.

मामांना सांगा, एकादशी करून द्वादशीला गेल्या. पारणं फेडून गेल्या म्हणायचं. माळकरी होत्या तर "कै."ऐवजी "वै." घाला, वैकुंठवासी. आमच्या गावात वारकऱ्यांना तसंच लिहितात.

मुद्रितशोधक · ३.५५

"वै." चालेल, पण वाक्यात कुठे येतं ते बघा. मसुद्यात "कै. —— यांचे निधन झाले" असं आहे. कैलासवासी झालेल्या व्यक्तीचं पुन्हा निधन कसं होईल? ही चूक इतकी रुळली आहे की कोणी थांबत नाही, पण वाचणाऱ्याला खटकते ती अशीच. ज्या वाक्यात निधनाची बातमी आहे तिथे साधं "श्रीमती ——". "कै." किंवा "वै." फोटोखालच्या नावाला, किंवा पुढे दशक्रियेच्या वाक्यात.

तसंच मथळ्यात "दुःखद निधन" आहे, पुन्हा वाक्यात "दुःखद निधन". एकदा पुरे.

"अल्पशा आजाराने" हे खरं आहे का? ही ओळ लोक साच्यातून उचलतात.

कोरेगावचा · ४.१०

नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं अंथरुणावरच होती.

मुद्रितशोधक · ४.१८

मग "दीर्घ आजाराने", किंवा नुसतं "वृद्धापकाळाने". दोन वर्षं ज्या सुनेने केलं तिला "अल्पशा" वाचून काय वाटेल!

निळीपाखरं · ४.४०

विषय थोडा बाजूचा आहे, पण साच्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. गेल्या वर्षी वडिलांच्या वेळी आम्ही "कालकथित" लिहून दिलं होतं आणि खाली जलदान विधी व पुण्यानुमोदन. छापून आलं ते "कै." आणि "दशक्रिया विधी". ऑपरेटरने जुन्या जाहिरातीवर फक्त नावं बदलली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी फुकट पुन्हा छापली, पण नातेवाइकांचे फोन येऊन गेले ते गेलेच. प्रूफ मागून घ्या आणि वरपासून खालपर्यंत वाचा. आपण फक्त नावं वाचतो, ती बरोबर असतात.

आत्याबाई · ४.५२

लिंगायतांचंही तसंच, "लिंगैक्य" दिलं की "कै." होऊन येतं.

"गं. भा."बद्दल कोणी बोललं नाही. माझ्या आईच्या जाहिरातीत आम्ही लावलं होतं. तिला ते मानाचं वाटायचं, पत्रावर नसलं तर रुसायची.

मुद्रितशोधक · ५.०५

मी सुचवणार नाही, पण चूक म्हणून खोडणारही नाही. काहींना तो मान वाटतो, काहींना ती वैधव्याची पाटी वाटते. २०२३ मध्ये सरकारी पातळीवर विधवांसाठी हा शब्द वापरायची सूचना पुढे आली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. व्याकरण इथे काही सांगत नाही, घरच्यांनी ठरवायचं. फक्त "गं. भा. कै." अशी दोन बिरुदं एकापुढे एक नकोत.

आता नाती. कोरेगावचा, हे जरा सविस्तर सांगा : दोन मुले हयात आहेत? आणि पुतणे म्हणजे कोण?

कोरेगावचा · ५.२०

थोरले मामा २०१६ मध्ये गेले. थोरल्या मामी आहेत. मामेभाऊ म्हणाला, आजीला मुलगे दोनच, म्हणून दोन लिहिले.

पुतणे म्हणजे आजीच्या भावाची मुलं, वडूजची. ती फार जवळची आहेत, खांदा त्यांनीच दिला.

मुद्रितशोधक · ५.४१

"पश्चात" म्हणजे मागे राहिलेले. जे आधीच गेले ते मागे कसे राहतील? म्हणून "एक मुलगा, दोन सुना, मुलगी, जावई". थोरल्या मामांचं नाव ठेवायचं असेल तर शोकाकुलांच्या यादीत मामींच्या नावाबरोबर येऊ शकतं. पण पश्चातच्या मोजणीत नाही.

आणि वडूजची मंडळी पुतणे नव्हेत, भाचे.

कंदीपेढा · ५.५०

आता मात्र थांबा. भावाचा मुलगा पुतण्या, बहिणीचा मुलगा भाचा. हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

आत्याबाई · ५.५८

पुरुषाला! माझ्या भावाची पोरं मला आत्या म्हणतात आणि ती माझे भाचे. मी त्यांना पुतणे म्हटलं तर माझा भाऊच हसेल. माझे पुतणे म्हणजे दिरांची मुलं.

मुद्रितशोधक · ६.१५

आत्याबाईंनी एका ओळीत संपवलं. बाईच्या बाबतीत भावाचीही मुलं भाचे आणि बहिणीचीही भाचे. पुतणे मिळतात ते नवऱ्याच्या भावाकडून. इथे "पुतणे" छापलं तर वडूजची माणसं आजींच्या सासरची ठरतील. आणि सासरकडचे खरे पुतणे असतील तर ते विचारतील, आमच्या नावाने कोण आलं?

अजून एक बारीक गोष्ट. "आमच्या मातोश्री" म्हटलं की खाली सही करणारे फक्त तिची मुलं असायला हवेत. सुना, जावई, नातवंडं, भाचे सगळ्यांची नावं येणार असतील तर "आमच्या मातोश्री"ऐवजी थेट नावानेच सुरुवात करा. नात्यांचा घोळ आपोआप मिटतो, आणि एक ओळही वाचते. जाहिरातीचे पैसे कॉलम आणि उंचीवर लागतात, ओळ वाचली की फोटोला जागा मिळते.

कोरेगावचा · ६.३०

परतवंडे की पतवंडे? मामी म्हणतात पतवंडे.

मुद्रितशोधक · ६.४४

दोन्ही रूपं छापून येतात, घरात जे बोलतात ते घ्या.

शुद्धलेखनाचं आता उरकतो. दुखद नव्हे, दुःखद. विसर्ग हवा, आणि तो विसर्गाच्या कळीने उमटवलेला हवा, अपूर्णविरामाची दोन टिंबं टाकून नव्हे. कि नव्हे, की. परीवार नव्हे, परिवार. शोकाकूल नव्हे, शोकाकुल. रहावे नव्हे, राहावे. आप्तेष्ठ नव्हे, आप्तेष्ट. हा "इष्ट" आहे, "कनिष्ठ"मधला ष्ठ नाही. "नातेवाईक" सुटा लिहिताना ई दीर्घ, पण पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व : नातेवाइकांनी. वडील-वडिलांचे, गरीब-गरिबाला, त्याच चालीवर.

शेवटची "भावपूर्ण श्रद्धांजली" काढा. ती इतरांनी वाहायची असते, मित्रमंडळ, पतसंस्था वगैरे जाहिरात देतात तेव्हा. घरच्यांची ही जाहिरात कळवणारी आहे.

वेळेसाठी "रात्री २.४०" ठेवलं तर वाचणारा सोमवारची रात्र समजेल, म्हणजे एक अख्खा दिवस पुढे. "पहाटे" किंवा "उत्तररात्री" लिहा.

कंदीपेढा · ६.५५

दोन चाळीसला पहाट कोण म्हणतं?

मुद्रितशोधक · ७.००

म्हणूनच उत्तररात्री म्हटलं. पण तो शब्द गावाकडे कळेल की नाही ते तुम्ही बघा. गैरसमज व्हायचा नसेल तर वेळच गाळा. वेळ छापलीच पाहिजे असं काही नाही.

माहुलीकर · ८.१२

एक स्थानिक सूचना. जुलैत कृष्णेचं पाणी वाढलं की माहुलीच्या घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडतात. नुसतं "संगम माहुली" लिहिलं तर माणसं दोन्ही बाजूंना शोधत फिरतात, इकडे संगम माहुली, नदीपलीकडे क्षेत्र माहुली. गुरुजींना नेमकी जागा विचारून मंदिराची खूण टाका. आणि खाली एका माणसाचा फोन नंबर हवाच.

कोरेगावचा · शुक्रवार, ११ जुलै, सकाळी १०.२०

रात्री सगळ्यांना वाचून दाखवलं. "गं. भा."वर अडलं. धाकट्या मामांना हवं होतं. थोरल्या मामी इतका वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "सासूबाईंच्या नावामागे लावलंत तर खाली माझ्याही नावामागे लावाल. मला नको." पुढे कोणी बोललं नाही. श्रीमती ठेवलं.

हे शेवटचं :

> दुःखद निधन
> कळविण्यास अत्यंत दुःख होते की, श्रीमती —— (कै. —— यांच्या पत्नी) यांचे सोमवार, दि. ७ जुलै २०२५ रोजी पहाटे, आषाढ शुद्ध द्वादशी, शके १९४७ या दिवशी, वयाच्या ८६व्या वर्षी वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात एक मुलगा, दोन सुना, मुलगी, जावई, भाचे, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे.
> वै. —— यांचा दशक्रिया विधी बुधवार, दि. १६ जुलै २०२५ रोजी सकाळी ८ वाजता संगम माहुली येथे (—— मंदिराजवळ) होईल. नातेवाइकांनी व आप्तेष्टांनी कृपया उपस्थित राहावे.
> शोकाकुल : —— (मुलगा), —— (सून), —— (सून), —— (मुलगी), —— (जावई), समस्त —— परिवार व —— परिवार, वडूज
> संपर्क : ——

मुद्रितशोधक · १०.४८

"रोजी" आणि "या दिवशी" एकाच वाक्यात दोनदा झालं. "सोमवार, दि. ७ जुलै २०२५ (आषाढ शुद्ध द्वादशी, शके १९४७) रोजी पहाटे" असं करा. बाकी ठीक. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना सोबत पीडीएफही द्या. त्यांच्याकडे जुन्या फाँटमध्ये रूपांतर होताना नेमका विसर्ग आणि "ष्ट" बिघडतो, मग ऑपरेटर अंदाजाने दुरुस्त करतो.

कोरेगावचा · दुपारी ४.३५

प्रूफ आलं. "आप्तेष्ठ" परत आलं होतं, आणि "द्वादशी"चं "व्दादशी" झालं होतं. दोन्ही दुरुस्त करून सही केली. सोमवारपासून फोटो शोधत होतो, शेवटी मामेभावाने पाठवलेला गेल्या वर्षीचा लावला, त्यात ती हसतेय. एजन्सीवाला म्हणाला हसरा चालतो.

कंदीपेढा · ५.०२

माझ्या हिशेबाने दहावा १५ लाच, पण गुरुजी तुमचे. १६ ला मी साताऱ्यात आहे, येऊन जाईन.